e दाबून धरला की 3 का येतो

आम्ही बडोद्यात राहतो. आमच्या वाचक मंडळाचं महिन्याचं पत्रक मी फोनवरच टाइप करते. फोन अँड्रॉइड, कीबोर्ड जीबोर्ड. या महिन्यात Hélène नावाच्या फ्रेंच बाई बोलायला येणार आहेत आणि त्यांच्या नावातला é काही केल्या जमेना. e दाबून धरला की 3 उमटतो. शेवटी नाव दुसरीकडून उचलून चिकटवलं. ₹, ½, लांब रेघ यांच्यासाठीही दर वेळी ?123 वर जाऊन परत यावं लागतं. ज्यांच्याकडे साधा फोन आहे अशा ज्येष्ठ सभासदांना मी इंग्रजी लिपीत एसएमएस पाठवते, तर या वेळी एका मेसेजचे तीन तीन मेसेज कापले गेले. आणि सासऱ्यांच्या फोनवर उलटीच तऱ्हा, त्यांना नको असताना शब्दाच्या मध्ये आकडे येतात. काय चुकतंय?

*

तुमच्या बाबतीत बोट लवकर उचललं जातंय, आणि सासऱ्यांच्या बाबतीत बहुधा उशिरा. तीन मेसेजची भानगड मात्र वेगळी आहे, पण तिचं मूळही दाबून धरून काढलेल्या चिन्हातच आहे. दांडिया बाजारात छपाईच्या कामात माझी पंचवीसेक वर्षं गेली आणि हल्ली ज्येष्ठांना फोन शिकवतो, त्यामुळे हे तिन्ही प्रकार आठवड्यातून एकदा तरी समोर येतात.

आधी é. जीबोर्डवर कुठलीही कळ दाबून धरली की तिच्या वर एक छोटा फुगा उघडतो. e च्या फुग्यात 3 असतो आणि त्याच्या आसपास è, é, ê, ë, ē असतात. फुगा उघडतो तेव्हा त्यातला एक घर आधीच रंगवलेला असतो, म्हणजे निवडलेला असतो. बोट जागच्या जागी उचललं तर तेच उमटतं. तुमच्याकडे तो 3 आहे. तेव्हा फुगा उघडला की बोट उचलायचं नाही. काचेला टेकलेलंच ठेवून é वर सरकवायचं, रंग é वर आला की मग उचलायचं. बहुतेक लोक फुगा दिसला की बोट उचलतात आणि é वर पुन्हा टिचकी मारायला जातात. तोवर 3 उमटून फुगा मिटलेला असतो.

Hélène हे नाव सरावाला फार चांगलं आहे, कारण त्यात दोन वेगळ्या खुणा आहेत. पहिल्या e वरची रेघ उजवीकडे वर चढते, é. दुसऱ्या e वरची डावीकडून खाली उतरते, è. तिसरा e साधाच. म्हणजे H, मग e धरून é, मग l, मग e धरून è, मग n आणि e. फुग्यातल्या जागा पाठ करू नका, आकार बघून उचला. जागा सगळीकडे सारख्या नसतात: अक्षरं जास्त असली की फुगा दोन ओळींचा होतो, आणि कळ पडद्याच्या कडेला असली तर फुगा आतल्या बाजूला पसरतो. a चा फुगा उजवीकडे जातो, o चा डावीकडे, त्यामुळे o च्या वेळी हात चुकतो. सगळी अक्षरं मोठी हवी असतील तर आधी शिफ्ट, मग E धरा, म्हणजे फुग्यातही É, È दिसतील.

आता त्या 3 ला बाजूला कसं करायचं. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये `Preferences` उघडा आणि `Number row` चालू करा. वर आकड्यांची कायमची ओळ येते आणि q ते p या कळींवरचे आकडे निघून जातात. e धरला की आता उच्चाराच्या खुणांचीच अक्षरं दिसतील. किंमत एवढीच की कीबोर्ड एका ओळीने उंच होतो. ते खटकलं तर तिथेच `Keyboard height` आहे.

इथे एक खोच आहे आणि त्यात बरेच जण अडकतात. त्याच पानावर `Long press for symbols` असं बटण आहे. नव्या आवृत्तीत `Long press` ऐवजी `Touch and hold` असे शब्द दिसू शकतात. ते चालू असलं की प्रत्येक अक्षराखाली एक चिन्ह येऊन बसतं: a खाली @, s खाली #, k आणि l खाली दोन कंस, n खाली !, m खाली ?. कामाचं आहे. पण आकड्यांची ओळ आणि हे बटण दोन्ही चालू ठेवलीत तर e वरचा 3 जातो आणि त्याच्या जागी | ही उभी रेघ येते. म्हणजे आगीतून फुफाट्यात. नावांसाठी é, ñ, ü वरचेवर लागत असतील तर आकड्यांची ओळ चालू आणि हे बटण बंद. कंस आणि प्रश्नचिन्हच जास्त लागत असतील तर हे बटण चालू ठेवा आणि é साठी बोट सरकवायची सवय करा. तुमच्या पत्रकाला पहिली जोडी बरी पडेल, कारण विरामचिन्हांसाठी दुसरा चांगला रस्ता आहे. तो पुढे सांगतो.

त्याआधी, सगळी अक्षरं या फुग्यांत मिळतील अशी आशा धरू नका. फुग्यात काय असेल ते त्या वेळी कोणती भाषा चालू आहे यावर ठरतं, फोनवर नाही. बडोद्यातल्या मराठी माणसाच्या फोनवर मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तीन मांडण्या असतात आणि तिन्हींचे फुगे वेगळे. जीबोर्डच्या इंग्रजी मांडणीत n खाली ñ, c खाली ç, s खाली जर्मन ß आणि स्वरांखाली त्यांची खुणांची मंडळी, एवढाच संसार आहे. Škoda या नावातला Š तिथे नाही. आयफोनच्या इंग्रजी कीबोर्डवर मात्र s धरला की ß सोबत ś आणि š येतात, c खाली ć आणि č, l खाली ł. म्हणून मुलीच्या फोनवर जमतं आणि आईच्या फोनवर नाही, असं होतं. शिवाय आयफोनच्या फुग्यात मूळ अक्षरही बसलेलं असतं, त्यामुळे न सरकवता बोट उचललं तर साधा e उमटतो, 3 नाही. अँड्रॉइडवर š हवा असेल तर `Languages` मध्ये जाऊन `Add keyboard` ने चेक भाषा जोडायची, काम झालं की काढून टाकायची.

ओरिएंटल इन्स्टिट्यूटमुळे आपल्या गावात संस्कृत ग्रंथांची रोमन लिपीत टिपणं करणारे लोक पुष्कळ. वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती तिथेच तयार झाली. असे एक गृहस्थ माझ्याकडे Rāmāyaṇa हा शब्द घेऊन आले होते. दोन्ही ā त्यांना a धरून मिळाले, कारण a, e, i, o, u या पाचही स्वरांच्या डोक्यावरची आडवी रेघ इंग्रजी फुग्यात आहे. पण ण साठी लागतो तो खाली टिंब असलेला ṇ, आणि तो कितीही वेळ n धरून बसलं तरी येत नाही. ṭ आणि ḍ यांचंही तसंच. तिथे दाबून धरण्याचा नाद सोडायचा. ते अक्षर एकदाच कुठून तरी उचलून आणायचं आणि जीबोर्डच्या `Dictionary` मधल्या `Personal dictionary` मध्ये पूर्ण शब्द म्हणून ठेवायचा, शॉर्टकट म्हणून समजा rmyn. पुढे rmyn टाइप केलं की कीबोर्डच्या वरच्या पट्टीत Rāmāyaṇa येतो, त्यावर टिचकी मारली की झालं. आयफोनवर हीच सोय `Settings` › `General` › `Keyboard` › `Text Replacement` इथे आहे.

Hélène बाई तुमच्या पत्रकात पाच-सहा वेळा येणार असतील तर त्यांचंही नाव असंच ठेवा. आणखी एक फायदा होतो. शब्दकोशात नसलेलं नाव कीबोर्ड आपण होऊन ‘सुधारतो’, आणि मेहनतीने घातलेली खूण मोकळी जागा देताच नाहीशी होते. आमच्याकडे एकदा एका पाहुण्यांच्या नावाच्या तीन वेगवेगळ्या तऱ्हा एकाच पानावर छापून गेल्या आणि तपासणाऱ्याला एकही दिसली नाही. तो तपासणारा मीच होतो.

विमानाचं तिकीट किंवा व्हिसाचा फॉर्म भरताना मात्र é घालू नका, HELENE असंच लिहा. पासपोर्टवरच्या खालच्या दोन यंत्राने वाचायच्या ओळींत A ते Z ही साधीच अक्षरं असतात. पासवर्डमध्येही अशी अक्षरं नकोत. दुसऱ्याच्या संगणकावर बसल्यावर ती काढायची कुठून हा प्रश्न उभा राहतो.

आता विरामचिन्हं. जीबोर्डवर पूर्णविरामाची कळ दाबून धरा. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, कंस, अवतरण, अपूर्णविराम, तिरपी रेघ, @, # असा सगळा मसाल्याचा डबाच उघडतो. तिथेही नियम तोच, न उचलता सरकवायचं. रोजच्या लिखाणातली बहुतेक चिन्हं यात भागतात आणि ?123 कडे बोट जातच नाही.

ज्या चिन्हांसाठी जावंच लागतं, त्यांच्यासाठी कळीवर टिचकी मारू नका. ?123 वर बोट टेकवा, न उचलता हव्या त्या चिन्हापर्यंत ओढत न्या आणि तिथे सोडा. चिन्ह उमटतं आणि अक्षरांचा कीबोर्ड आपोआप परत येतो. ‘परत यावं लागतं’ ही तुमची तक्रार इथेच मिटते. आयफोनवर 123 या कळीपासून असंच ओढता येतं. एखाद-दोन चिन्हांसाठी हे फार सुरेख आहे. फोन नंबर लिहायचा असेल तर मात्र नेहमीसारखी टिचकीच मारून आत जा.

चिन्हांच्या पानावरही फुगे असतात, आणि ते बहुतेकांना ठाऊक नसतात. तिथे 1 धरला की ½, ⅓, ¼ मिळतात, 3 धरला की ¾. पत्रकात पाककृती देत असाल तर ‘अर्धी वाटी’ च्या जागी 1/2 लिहायची गरज नाही. जोडरेघ धरली की – आणि — या दोन लांब रेघा येतात. ‘सायंकाळी 5 – 7’ यात मधली – ही रेघ चालते, लांबलचक — वाक्यातल्या खंडासाठी. ₹ ची कळ धरली की इतर देशांची चलनं दिसतात, आणि तुमच्या पानावर आधी डॉलर दिसत असेल तर तोच धरला की त्यात ₹ सापडतो. अंशाची खूण ° साठी दोन्ही फोनांत वाट वेगळी आहे: आयफोनवर 0 धरायचा, जीबोर्डवर ?123 नंतर `=\<` ही कळ दाबून दुसऱ्या पानावर जायचं, तिथे ती उघड्यावरच आहे.

सारख्या दिसणाऱ्या चिन्हांना मात्र जपा. स्पॅनिश मांडणी जोडलेल्या फोनवर o च्या फुग्यात º असतो. तो स्पॅनिशमध्ये ‘पहिला, दुसरा’ अशा क्रमांकांसाठी आहे, पण लोक तो तापमानाला लावतात. फोनवर कुणाला कळत नाही. पत्रक छापखान्यात गेलं आणि टाइप बदलला की काही टाइपांत त्या गोलाखाली रेघ येते आणि ‘42º’ विचित्र दिसू लागतो. त्याहून जास्त दिसणारी चूक म्हणजे मघाची उभी रेघ |. श्लोक किंवा आरती लिहिताना ओळीच्या शेवटी दंड हवा असतो, ।, आणि लोक इंग्रजी फुग्यातून | काढतात. ही रेघ अक्षरांच्या शिरोरेघेच्या वर आणि खाली बाहेर डोकावते, दंड शिरोरेघेच्या मापात बसतो. शंका आली तर दोन्ही शेजारी लिहून मोठं करून बघा. दंड मराठीच्या कीबोर्डातूनच घ्यायचा. विसर्गाचंही तसंच: ‘दुःख’ मधली दोन टिंबं अपूर्णविरामाची घातली तर कागदावर चालून जातं, पण नंतर फाइलमध्ये ‘दुःख’ शोधलात तर ते सापडत नाही.

आता तीन मेसेज. तुम्ही ज्येष्ठांना इंग्रजी लिपीत एसएमएस पाठवता आणि त्यात ₹ किंवा लांब रेघ होती, असा माझा अंदाज आहे. एसएमएसची मूळ अक्षरमाला अगदी लहान आहे. मजकूर पूर्णपणे तिच्यात बसला तर एका मेसेजमध्ये 160 अक्षरं जातात. त्या यादीबाहेरचं एक जरी चिन्ह आलं तर फक्त ते चिन्ह नाही, अख्खा मेसेज दुसऱ्या पद्धतीने पाठवला जातो आणि मर्यादा 70 वर येते. त्यातही मेसेज तुकड्यांत गेला की प्रत्येक तुकड्यात जोडणीची माहिती घालावी लागते, म्हणून तुकड्यामागे 67 च अक्षरं उरतात.

₹ त्या यादीत नाही. असणार तरी कसा, चिन्हाला मंजुरी मिळाली 15 जुलै 2010 ला आणि यादी त्याच्या कितीतरी आधीची. लांब रेघ नाही, वळलेली अवतरणचिन्हं नाहीत, तीन टिंबांचं एकत्र चिन्ह … नाही. गंमत म्हणजे é आणि è दोन्ही आहेत, त्यामुळे Hélène बाईंचं नाव निर्दोष. ñ, ü, ö, à हेही आहेत. ê मात्र नाही.

तुमचा मेसेज समजा 150 अक्षरांचा होता. ‘Rs. 50’ असं लिहिलं असतं तर तो एकच गेला असता. ‘Rs. ’ च्या चार जागा काढून एक ₹ घातला की अक्षरं उलट कमी होऊन 147 होतात, पण आता 67 च्या तुकड्यांत मोजायचं: दोन तुकड्यांत 134 बसतात, उरलेल्या 13 साठी तिसरा. अशा चाळीस सभासदांना पाठवलंत तर चाळीसऐवजी एकशे वीस एसएमएस गेले. रिचार्जमध्ये दिवसाला 100 ची मर्यादा असेल तर शेवटच्या काही जणांना आमंत्रण पोचलंच नसेल, एवढं विचारून घ्या.

हे ताडून बघायला अवघड नाही. तोच मेसेज पुन्हा उघडा, ₹ खोडून Rs. लिहा, लांब रेघेच्या जागी साधी जोडरेघ घाला. काही मेसेज अॅपमध्ये पाठवायच्या बटणाजवळ उरलेल्या अक्षरांचा आकडा दिसतो. तो एका चिन्हासरशी उडी मारतो. तो आकडा दिसत नसेल तर स्वतःलाच एक पाठवून बघा. देवनागरीत पाठवत असाल तर ही काळजी करू नका, तिथे मर्यादा पहिल्या अक्षरापासूनच 70 ची असते आणि ₹ ने काही बिघडत नाही. व्हॉट्सअॅपला हा नियमच लागू नाही, तिथे बिनधास्त सगळी चिन्हं वापरा.

आता सासरे. त्यांच्या फोनला हात लावण्याआधी त्यांना एक ओळ पाच वेळा टाइप करायला सांगा आणि शेजारी बसून नुसतं बघा. तीन वेगळ्या तऱ्हा असतात आणि तिन्हींचे इलाज वेगळे आहेत.

शब्दाच्या मध्ये आकडे येत असतील, म्हणजे the च्या जागी th3, तर त्यांचं बोट कळीवर जरा जास्त रेंगाळतंय. फोन त्याला दाबून धरणं समजतो. जीबोर्डवर हा उंबरठा सुरुवातीला 300 मिलिसेकंद असतो, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. वयस्कर हाताला तेवढा वेळ सहज लागतो. `Preferences` मध्ये `Key long press delay` वर जाऊन तो 500 करा आणि पुन्हा पाच ओळी लिहून घ्या. अजून आकडे आले तर 600. एकदम 700 वर नेऊ नका, कारण मग त्यांना खरोखर एखादं चिन्ह हवं असेल तेव्हा ‘फोन अडकला’ असं वाटून ते बोट उचलतात. सॅमसंगचा स्वतःचा कीबोर्ड असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये `Swipe, touch, and feedback` खाली `Touch and hold delay` शोधा.

दुसरी तऱ्हा: फुगा हवा तेव्हाच उघडतो, पण शेजारचंच अक्षर उमटतं. हा वेळेचा दोष नाही, हात थरथरल्यामुळे सरकवताना घर चुकतंय. उंबरठा वाढवून इथे काहीच साधत नाही. कीबोर्डची उंची वाढवा म्हणजे कळा मोठ्या होतील, आणि नेहमीची चार-पाच चिन्हं शॉर्टकट करून ठेवा म्हणजे सरकवायचंच नको.

तिसरी तऱ्हा ओळखायला थोडी कठीण आहे. ते कळ धरतात, फुगा उघडतच नाही, आणि भलताच शब्द येतो. बारकाईने पाहिलंत तर बोटामागे पडद्यावर एक रेघ ओढली जाताना दिसेल. थरथरीमुळे बोट हलतं आणि जीबोर्ड त्याला बोट फिरवून लिहिणं समजतो. सेटिंगमध्ये `Glide typing` नावाचं पान आहे, तिथलं पहिलंच बटण बंद करा.

तुमच्या वर्णनावरून त्यांची तऱ्हा पहिली वाटते. पण 500 वर नेल्यावरही आकडे येत राहिले, तर त्यांच्या फोनवरही `Number row` चालू करा. मग e खाली 3 च राहत नाही, बोट कितीही रेंगाळलं तरी. फार तर é येईल.